कामावर पोहोचताच चेहरा का चमकतो: घाम, तेल आणि क्रीम वेगवेगळे ओळखून केलेला उपाय

सकाळी स्वच्छ धुतलेला चेहरा पाऊण तासाच्या दुचाकी प्रवासानंतर कंपनीच्या गेटवर पोहोचेपर्यंत तेल चोपडल्यासारखा दिसू लागतो. वॉशरूममध्ये जाऊन फेसवॉशने धुतला, तरी पंधरा मिनिटांत तो पुन्हा तसाच होतो. फेसवॉश बदलून पाहिला, तर पहिले चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी काम करत असल्यामुळे ही तक्रार नात्यातल्या आणि ओळखीतल्या पुरुषांकडून मी वरचेवर ऐकतो. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की याहून जोरदार फेसवॉश कोणता. माझ्या अनुभवात फेसवॉशचा जोर कमी पडल्यामुळे हा त्रास टिकून राहतो असे क्वचितच आढळले आहे. चेहऱ्यावर दिसणारी चमक नेमकी कशाची आहे हे न पाहताच उपाय सुरू केला जातो, आणि तिथेच गाडी अडते.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या मावसभावाच्या बाबतीत हा प्रश्न आम्ही दोघांनी मिळून तीन आठवड्यांत सोडवला, त्याची हकीकत येथे क्रमाने देतो. तो नाशिकरोडला जेलरोड भागात राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. बिटको चौकातून पुणे रस्त्याने द्वारका, तेथून मुंबई नाका आणि पुढे महामार्गाने अंबड, असा त्याचा रोजचा रस्ता आहे. द्वारका चौकातल्या सकाळच्या गर्दीत जो कधी दुचाकीवर अडकला आहे, त्याला हेल्मेटच्या आत काय होते हे वेगळे सांगायला नको. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, त्याच्या आत नाकापर्यंत बांधलेला रुमाल, आंघोळीनंतर केसांना लावलेले खोबरेल तेल, दाढी, कोळशाचा फेसवॉश, त्यावर थंडीतली उरलेली जाड क्रीम आणि त्यावर सनस्क्रीन, असा त्याचा सकाळचा क्रम होता. फोनवर तो म्हणाला, "दादा, मी दिवसातून पाच वेळा तोंड धुतो, तरी जेवणाच्या सुट्टीच्या आत नाक चमकायला लागतं. तुझ्या कंपनीत याहून स्ट्राँग काही बनत असेल तर सांग ना." मी त्याला फेसवॉश सांगितला नाही. चेहऱ्यासाठीच्या टिपकागदाचे एक पाकीट घ्यायला सांगितले आणि आठवडाभर चेहऱ्यावर नवीन काहीही लावू नकोस, असे बजावले.

आधी चमक ओळखावी

प्रवासानंतर चेहऱ्यावर दिसणारी चमक तीन गोष्टींची असते आणि तिन्ही आरशात सारख्याच दिसतात. पहिली गोष्ट घाम. तो जवळजवळ सगळा पाणी आणि थोडे मीठ असतो आणि अंग थंड झाले की आपोआप थांबतो. दुसरी गोष्ट त्वचेतल्या तेलग्रंथींनी सोडलेले तेल. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात या ग्रंथी दाट असतात आणि त्यांचे काम पुरुषी संप्रेरकांच्या हुकमाने चालते, त्यामुळे पुरुषांमध्ये हे तेल अधिक असते आणि मुरुमांचे वय सरले तरी ते कमी होईलच असे नाही. त्वचा तापली की हे तेल अधिक सुटते आणि पातळ होऊन पसरतेही. तिसरी गोष्ट आपण स्वतःच सकाळी लावलेली क्रीम, सनस्क्रीन किंवा केसांचे तेल. हिचा संशय सहसा कोणालाच येत नाही.

या तिघांना वेगळे करण्याची परीक्षा अगदी घरगुती आहे. कागदात बांधून आणलेल्या भज्यांचे तेल कागदावर कसे दिसते, हे आपल्याला ठाऊक असते. तो डाग पारदर्शक होतो आणि कागद दिवसभर ठेवला तरी वाळत नाही. पाण्याचा डागही ओला असताना काहीसा पारदर्शक दिसतो, पण पंख्याखाली काही मिनिटांत नाहीसा होतो. चेहऱ्यावरचा कागदही हेच सांगतो. टिपकागद नसेल तर साध्या पांढऱ्या टिश्यूचे पदर सुटे करून त्यातला एक पदर घ्यावा. छापील कागद मात्र घेऊ नये, कारण त्याची शाई चेहऱ्याला लागते. कागद कपाळावर ठेवून बोटांनी सावकाश दाबावा, दहा सेकंद धरावा आणि न घासता सरळ उचलावा. उजेडासमोर धरून पाहावा, मग दहा मिनिटे पंख्याखाली ठेवून पुन्हा पाहावा. जेवढे वाळून गेले तेवढा घाम, आणि जे ठिपके राहिले ते तेल किंवा क्रीम.

आता राहिलेल्या डागात तेल कोणते आणि क्रीम कोणती, हे कागद एकट्याने सांगू शकत नाही, कारण दोन्ही चिकट आणि स्निग्धच असतात. ते जागा आणि वेळ यांवरून ठरवावे लागते. त्वचेचे तेल बारीक ठिपक्यांच्या रूपाने, मुख्यतः नाक आणि कपाळाच्या मध्यभागी दिसते आणि चेहरा धुतल्यानंतर तासागणिक वाढत जाते. क्रीमचा डाग पसरट असतो, ज्या गालांवर तेलग्रंथी तुलनेने कमी आहेत त्या गालांवरही तो तेवढाच येतो, आणि महत्त्वाचे म्हणजे घरून निघण्यापूर्वीच तो कागदावर उमटतो. म्हणून मी भावाला तीन वेळा कागद लावायला सांगितले: घरून निघताना, कंपनीत पोहोचल्यावर आणि दुपारी एक वाजता. प्रत्येक वेळी कपाळ, नाक आणि गाल यांसाठी वेगवेगळा कागद घ्यायचा, त्यावर पेनाने वेळ आणि जागा लिहायची आणि संध्याकाळी फोटो पाठवायचे. चार दिवस त्याने हे निमूटपणे केले. कागदावर चिठ्ठ्या लिहिताना पाहून सोबतचे लोक हसत होते, असेही त्याने कळवले.

निकाल असा आला. घरून निघताना, म्हणजे धुतल्यानंतर वीस मिनिटांतच, दोन्ही गालांचे कागद पसरट डागांनी भरलेले होते. ही चमक सरळसरळ क्रीमची होती. कंपनीत पोहोचल्यावरचे कपाळाचे कागद चिंब होते, पण वाळल्यानंतर त्यांच्यावर एक विचित्र पट्टा राहत होता. डाग कपाळाच्या मध्यावर कमी आणि केसांच्या रेषेलगत, जिथे हेल्मेटचे अस्तर टेकते तिथे, सर्वांत जास्त होता. तेलग्रंथींचे तेल असा पट्टा आखून येत नाही. तो केसांतल्या खोबरेलाचा आणि त्या तेलात महिनोन्महिने मुरलेल्या अस्तराचा होता. दुपारी एकच्या कागदांवर मात्र नाक आणि हनुवटीला खरे बारीक ठिपके होते, गाल कोरडे ठणठणीत होते. थोडक्यात, ज्या तेलासाठी तो पाच वेळा तोंड धुत होता, ते सकाळच्या चमकेत सर्वांत लहान हिस्सेदार निघाले.

पाच वेळा धुण्याने काय झाले होते

वारंवार धुतल्याने तेलग्रंथी चिडून अधिक तेल सोडतात, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण ग्रंथींचा कारभार आतून, संप्रेरकांवर चालतो आणि वरचे तेल पुसले गेल्याची दखल त्या फारशी घेत नाहीत. अति धुण्याचा तोटा वेगळाच आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींना सांधून ठेवणारी स्निग्ध द्रव्ये असतात. कडक फेसवॉश चेहऱ्यावरच्या तेलाबरोबर तीही धुऊन नेतो, त्यामुळे त्वचेतले पाणी लवकर उडते आणि ती ताठ होते. ताठ, ओढल्यासारख्या त्वचेचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन काचेसारखा उजेड परतवतो. म्हणजे कागदावर काहीही उमटत नाही आणि आरशात चेहरा चमकतो. ज्यांच्या गालांचा कागद कोरडा येतो आणि गाल तरीही चमकतात, त्यांनी हे कारण आधी तपासावे. धुतल्यानंतर दहा मिनिटांत गाल ओढल्यासारखे वाटणे, क्रीम लावताच चुरचुरणे आणि नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटणे ही त्याची ओळख आहे. भावाला तिन्ही खुणा होत्या. दाढीनंतर घामाने होणारी आग तो दोन वर्षे ब्लेडच्या माथी मारत होता.

आम्ही फेसवॉश दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, एवढाच ठेवला. अंगाचा साबण चेहऱ्याला लावणे बंद केले. साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका तयार होतो आणि तो चेहऱ्यावर पातळ थर धरून बसतो. त्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी येत असल्यामुळे हा मुद्दा गैरलागू नव्हता. फेसवॉश निवडताना कोळसा, माती, पुदिना या वेष्टनावरच्या गोष्टींकडे मी फारसे पाहत नाही. कोळशाचा फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुऊन टाकला जातो, तेवढ्यात तो वेगळे असे काही शोषून घेत नाही. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच सोडियम लॉरिल सल्फेट असेल आणि वर सांगितलेल्या ताठपणाच्या खुणा असतील, तर कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा कोको ग्लुकोसाइड यांसारख्या सौम्य फेसकारकांवर आधारलेला फेसवॉश घ्यावा. नाकावर काळे ठिपके आणि बारीक मुरूम असतील तर सॅलिसिलिक आम्ल असलेला फेसवॉश चालतो, कारण हे आम्ल तेलात विरघळते आणि छिद्रांच्या तोंडाशी साचलेला मळ सैल करते. तो रात्रीच्या वेळी वापरावा आणि ज्या दिवशी चेहरा सोलवटलेला असेल त्या दिवशी टाळावा.

धुण्याची रीत सांगण्यासारखी नाही असे वाटेल, पण चूक बहुधा तिथेही असते. पाणी कढत नको, साधे किंवा कोमट हवे. वाटाण्याएवढा फेसवॉश ओल्या तळहातावर फेसाळून मगच चेहऱ्याला लावावा, कपाळ आणि नाक यांवर सुमारे वीस सेकंद बोटे फिरवावीत, गालांवरून शेवटी नुसता फेस न्यावा. केसांच्या रेषेलगत आणि जबड्याखाली फेस राहून जातो, तो पूर्ण निघेपर्यंत पाणी मारावे. स्वच्छ पंच्याने टिपावे, घासू नये.

मॅट मॉइश्चरायझर कसे काम करतो आणि कुठे हरतो

जाड क्रीम बंद केल्यावर भावाने साहजिकच विचारले, की तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर हवाच कशाला. नाशिकच्या एप्रिलची हवा कोरडी असते, दुचाकीवर ती झोताने लागते, आणि त्याचे गाल तर आधीच सोलवटलेले होते. गालांना पाणी धरून ठेवणारे काहीतरी हवे होते, फक्त ते चमकणारे नको होते.

मॅट मॉइश्चरायझर हा बहुधा पाण्याचा हलका जेल असतो. त्यात ग्लिसरीनसारखे ओलावा धरणारे द्रव्य, डायमेथिकोनसारखे सिलिकोन आणि सिलिका किंवा स्टार्चची अतिशय बारीक भुकटी असते. या भुकटीची कामे दोन. तिचे कण उजेड एकाच दिशेला परत न पाठवता चहूकडे विखुरतात, म्हणून चेहरा लावल्याबरोबर मंद दिसतो. आणि सच्छिद्र कण वर येणारे तेल काही काळ शोषून घेतात. 'काही काळ' हे शब्द महत्त्वाचे आहेत. भुकटी ग्रंथींचे काम थांबवत नाही. कण तेलाने भरले की त्यांचा उपयोग संपतो आणि चमक पुन्हा दिसू लागते. अशा वेळी दुसरा थर चढवला तर आधीचा तेलकट थर आणि नवी भुकटी यांच्या वळ्या सुटतात, हाताला मळासारखे काहीतरी लागते. आधी तेल टिपून काढावे, मगच हवा असल्यास थर द्यावा, हा क्रम त्यामुळेच आहे. दीर्घकाळाचा विचार करायचा तर नायसिनामाइड असलेला मॉइश्चरायझर निवडता येतो. दोन टक्के प्रमाणातही तो काही आठवड्यांच्या वापरानंतर पृष्ठभागावरचे तेल थोडे कमी करतो असे आढळले आहे, मात्र फरक माफक असतो आणि पहिल्या आठवड्यात तो शोधू नये.

प्रमाण हा येथला खरा मुद्दा आहे. संपूर्ण चेहऱ्याला एका वाटाण्याएवढा मॉइश्चरायझर पुरतो. तो आधी गालांना लावावा आणि बोटांना जे उरेल तेवढेच कपाळ आणि नाकावरून न्यावे. बहुतेक पुरुष तो कपाळावर भरपूर थापून सुरुवात करतात आणि गालांना उरलेसुरले पुसतात, नेमके उलटे. त्यावर सनस्क्रीन लावायचे असेल तर मधे पाच मिनिटे जाऊ द्यावीत. भावाने दोन थरांऐवजी मॅट स्वरूपाचे एसपीएफ ३० चे सनस्क्रीन एकटेच वापरून पाहिले. गाल भरून आल्यावर त्याला मॉइश्चरायझर वेगळा लावण्याची गरज सकाळी उरली नाही, तो रात्रीपुरता राहिला. सनस्क्रीनचे प्रमाण मात्र चमक कमी करण्यासाठी घटवू नये, नाहीतर त्याचे संरक्षण वेष्टनावर लिहिल्याइतके मिळत नाही. चमकत असेल तर सनस्क्रीनच बदलावे. आणि हे सारे लावल्यानंतर हेल्मेट चढवण्यापूर्वी दहा मिनिटे तरी द्यावीत, कारण न बसलेला थर रुमाल आणि अस्तर पुसून नेतात.

पोहोचल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

सकाळचा क्रम सुधारूनही भावाची अर्धी तक्रार शिल्लक होती, कारण तो गेटमधून आत आल्याबरोबर वॉशरूम गाठत असे. दुचाकी थांबली तरी शरीराची उष्णता लगेच उतरत नाही. हेल्मेट काढल्यानंतरही दहा-पंधरा मिनिटे घाम येतच राहतो, उलट वाऱ्याचा झोत थांबल्यामुळे तो वाळायचा बंद होतो आणि अधिक दिसतो. अशा वेळी फेसवॉशने धुतलेल्या चेहऱ्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत जी चमक येते ती नव्या घामाची असते, आणि माणूस समजतो की फेसवॉश कुचकामी आहे. त्याच्या पाच वेळा धुण्याचा उगम येथे होता.

म्हणून पोहोचल्यावर आधी काहीही करू नये. हेल्मेट आणि रुमाल काढून, शर्टाचे वरचे बटण सैल करून सावलीत किंवा पंख्याखाली सात ते दहा मिनिटे थांबावे. घोटघोट पाणी प्यावे, मनगटांवर आणि मानेवर साधे पाणी घ्यावे, त्याने अंग लवकर निवते. घाम ओसरू लागला की टिश्यू किंवा स्वच्छ सुती रुमाल घडी करून चेहऱ्यावर दाबत घाम टिपून घ्यावा. त्यानंतर, चेहरा हाताला कोरडा लागल्यावरच, टिपकागद काढावा. हा क्रम उलटा केल्यास टिपकागद वाया जातो. ओल्या फडक्याने ओट्यावरचे तेल नीट निघत नाही, तसेच घामाने भिजलेला कागद तेल उचलत नाही, नुसता चेहऱ्याला चिकटतो. माझा भाऊ सुरुवातीला "हे कागद काहीच शोषत नाहीत" असे म्हणत होता, ते यामुळेच.

टिपकागद कपाळासाठी एक आणि नाक व हनुवटीसाठी एक, असे दोन पुरतात. नाकाच्या बाजूच्या खाचेत कागद दुमडून दाबावा. घासल्यास तेल पसरते आणि सनस्क्रीनही निघते, दाबून उचलल्यास सनस्क्रीनचा थर बऱ्यापैकी टिकतो. तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढण्याचा अट्टाहास नको. कागद पहिल्यांदा पारदर्शक झाला की काम झाले. टिपल्यामुळे तेल वाढत नाही आणि थांबतही नाही, काही तासांनी ते पुन्हा जाणवते, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर आणखी एकदा टिपणे पुरेसे होते.

धुळीने चेहरा खरोखरच माखला असेल, आणि द्वारकेहून आलेल्याचा तो माखलेला असतोच, तर अंग निवल्यानंतर नुसत्या पाण्याने धुवावा. वॉशरूममधल्या बाटलीतला हात धुण्याचा साबण चेहऱ्यासाठी नसतो. पाण्याने धुतले की सनस्क्रीन बरेचसे जाते, म्हणून दिवसा पुन्हा उन्हात जायचे असल्यास ते नव्याने लावावे लागेल. टाल्कम पावडरबद्दल अनेक जण विचारतात. ओलसर चेहऱ्यावर ती लावली की घामात तिचा लगदा होतो आणि भुवयांत, दाढीच्या खुंटांत पांढरी रेघ बसते. टिपून झाल्यावर कपाळावर अगदी चिमूटभर लावली तर चालते, पण मॅट सनस्क्रीन वापरणाऱ्याला तिची गरज पडू नये.

हेल्मेट आणि खोबरेल

कपाळावरच्या त्या पट्ट्यासाठी चेहऱ्यावर कोणताही उपाय करण्यात अर्थ नव्हता. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या पुढे पातळ होते आणि हेल्मेटच्या आतली उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते, त्यामुळे घामाबरोबर ते कपाळावर उतरणारच. भावाने तेल सकाळऐवजी सुट्टीच्या आदल्या रात्री लावून सकाळी केस धुण्याचा परिपाठ धरला. हेल्मेटचे अस्तर निघणारे होते, ते सौम्य शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवून हाताने धुतले. पहिल्या पाण्याचा रंग पाहून मावशीने ती बादली बागेतही ओतू दिली नाही. अस्तर सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवावे. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घालायची आणि ती रोज धुवायची, अशा दोन टोप्या त्याने घेतल्या. टोपी जाड असू नये, कारण तिच्यामुळे हेल्मेटची पकड बदलता कामा नये. चेहऱ्यावर बांधायचा रुमालही रोज बदलावा. खिशातल्या एकाच रुमालाने घाम, हात आणि गाडीचे सीट पुसून तोच चेहऱ्यावर फिरवण्याची सवय मुरुमांना आमंत्रण देते.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही कागदाची परीक्षा पुन्हा घेतली. निघतानाचे गालांचे कागद जवळजवळ कोरडे आले. पोहोचल्यावरचे कपाळाचे कागद पूर्वीसारखेच ओले होते, पण वाळल्यावर केसांच्या रेषेचा पट्टा नव्हता. दुपारी एकच्या नाकाच्या कागदावर ठिपके होते आणि ते राहणार, कारण ते त्याचे स्वतःचे तेल आहे. गालांची आग आठ-दहा दिवसांतच थांबली होती.

हे सगळे करूनही फरक पडत नसेल तेव्हा कारण बहुधा वेगळे असते. नाकाच्या बाजूला, भुवयांत आणि दाढीत लालसर त्वचेवर पिवळट, तेलकट पापुद्रे येत असतील आणि खाज सुटत असेल, तर तो कोंड्याच्या जातीचा त्वचाविकार असू शकतो. त्यावर बुरशीविरोधी औषध लागते, फेसवॉश आणि टिपकागद यांचे तेथे काम नाही. खोल, दुखरे मुरूम येत असतील किंवा सावलीत स्वस्थ बसूनही चेहऱ्यावरून घाम निथळत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली स्टेरॉइड मिश्रित क्रीम चार दिवस चेहरा साफ दाखवते आणि नंतर त्वचा पातळ, लाल आणि पुरळांनी भरलेली करून सोडते, तिच्या वाटेला जाऊ नये.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर भावाचा पुन्हा फोन आला, की कागद कमी डागाळतो आहे पण चेहरा जास्त चमकतो आहे. हे अपेक्षितच होते. दमट हवेत घाम वाळत नाही, रेनकोटमध्ये तर नाहीच, त्यामुळे पावसाळ्यात घामाचा वाटा वाढतो. त्या दिवसांत कपाळ आणि नाकावर मॉइश्चरायझर पूर्ण वगळावा आणि पोहोचल्यावर थांबण्याची वेळ दहाऐवजी पंधरा मिनिटे करावी, एवढाच बदल मी सांगितला. तो आता पंधरा मिनिटे लवकर निघतो आणि कँटीनच्या पंख्याखाली चहा घेऊन मग कागद काढतो. त्याच्या शेजारच्या टेबलावरचे दोघे जण हल्ली त्याच पाकिटातून कागद मागून घेतात.